उरलेली बाई, उरलेला पुरुष : एका सेमिनारची दहा मिनिटं

एम.ए. समाजशास्त्राच्या वर्गात आमच्याकडे प्रत्येकाला एका सैद्धांतिक लेखावर दहा मिनिटं बोलावं लागतं. त्यानंतर वीस मिनिटं चर्चा होते आणि चर्चेचे प्रश्न बोलणाऱ्यानंच तयार करून आणायचे असतात. कागलकडून रोज एसटीनं कोल्हापूरला येणाऱ्या एका विद्यार्थिनीनं आंबेडकरांचा ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध निवडला होता. तिचा पहिला मसुदा, त्यात झालेले बदल आणि वर्गात झालेली चर्चा हे सगळं इथं मांडतो आहे. सैद्धांतिक लेखाचा सारांश कुठं फसतो आणि चर्चेचा प्रश्न कुठं ठेवावा, या दोन्ही गोष्टी या एका प्रकरणात बऱ्यापैकी उघड दिसतात.

हा निबंध मुळात सेमिनारमध्येच वाचलेला आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात. वाचणारा विद्यार्थी २५ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. महाराष्ट्र शासनानं काढलेल्या इंग्रजी समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात तो सुरुवातीलाच आहे. वीसेक पानं, म्हणजे एका संध्याकाळी वाचून होणारा मजकूर. सोपा मात्र नाही, कारण त्यात एकावर एक रचलेला युक्तिवाद आहे. मधली एक वीट निसटली की पुढचं सगळं नुसतं मत वाटायला लागतं.

तिचा पहिला मसुदा अठराशे शब्दांचा होता. मराठीत वर्गापुढे समजेल अशा बेतानं बोललं तर मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात. म्हणजे हे पंधरा मिनिटांच्या वर जाणार, हे मोजूनच कळत होतं. पण लांबी हा खरा दोष नव्हता. पहिली तीन मिनिटं चरित्रात गेली होती. बडोद्याची शिष्यवृत्ती, कोलंबिया, मग माणगाव परिषद आणि शाहू महाराजांचं तिथलं भाषण. कोल्हापुरात बोलायचं आणि माणगावचं नाव घ्यायचं नाही, हे तिला जड जात होतं, ते मी समजू शकतो. पण माणगाव १९२० चं आहे आणि निबंध १९१६ चा. परिषदेनं निबंधातलं एकही वाक्य उलगडत नाही.

चरित्रानंतर तिनं निबंध ज्या क्रमानं छापला आहे त्याच क्रमानं सांगितला होता. आंबेडकरांच्या आधी जातीची व्याख्या करणारे अभ्यासक सेनार काय म्हणतात, नेसफिल्ड काय म्हणतात, रिस्ले काय म्हणतात, केतकर काय म्हणतात आणि प्रत्येकाला आंबेडकरांचं उत्तर काय. प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात ‘पुढे लेखक म्हणतात’ अशी. हे तीन शब्द दोनदा आले की मी पेन खाली ठेवतो. लेखक पुढे काय म्हणतात एवढंच कळतं, ते मागच्या म्हणण्यातून का निघतं हे कळत नाही. निबंधाचा गाभा असलेली यंत्रणा दीड मिनिटात उरकली होती आणि शेवटी लिहिलं होतं की, धर्मशास्त्रांनी जात निर्माण केली, म्हणून शास्त्रांचं प्रामाण्य नाकारलं पाहिजे.

ही चूक नीट बघण्यासारखी आहे. शास्त्रांच्या प्रामाण्यावर थेट घाव घालणारे आंबेडकर १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये भेटतात. १९१६ च्या निबंधात ते जवळजवळ उलट्या बाजूनं येतात. मनूनं जातीचा कायदा दिला नाही, त्याला तो देता येणंही शक्य नव्हतं, असं ते ठणकावून सांगतात. जात मनूच्या आधीपासून होती, त्यानं तिला संहितेत बसवलं आणि तत्त्वज्ञानाचा मुलामा दिला, एवढंच. कुणीतरी एकानं कायदा केला आणि करोडो लोकांनी तो पाळला, हे त्यांना समाजशास्त्र म्हणून पटत नाही. विद्यार्थिनीनं निबंध वाचलाच नव्हता, असं नाही. वाचला होता, पण आधीपासून ठाऊक असलेले आंबेडकर त्यात शोधत वाचला होता. याची एक सोपी खूण असते. सारांशावरचं शीर्षक झाकायचं आणि तिथं त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक ठेवून बघायचं. वाक्यं तशीच खपली, तर तो या लेखाचा सारांश नव्हे.

मी तिला म्हटलं, “आता मसुदा बाजूला ठेव. आख्खा निबंध चार वाक्यांत लिहून आण आणि दुसऱ्या वाक्यापासून प्रत्येकात ‘म्हणून’ आलं पाहिजे.”

“सर, चार वाक्यांत केतकर कुठं बसवू?”

“बसले तर बसव. नाही बसले तर सोडून दे.”

दोन दिवसांनी तिनं आणलेली चार वाक्यं अशी होती. जातीचं मूळ लक्षण एकच, ते म्हणजे जातीबाहेर लग्न न करणं, अंतर्विवाह. भारतात मूळ रीत बहिर्विवाहाची, स्वतःच्या कुळाबाहेर लग्न करण्याची होती, म्हणून अंतर्विवाह तिच्यावर जबरदस्तीनं चढवावा लागतो. चढवायचा तर गटातल्या लग्नायोग्य स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राखावी लागते, म्हणून जोडीदार मेल्यावर मागे उरणाऱ्याचं काहीतरी करावं लागतं आणि त्यातूनच सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह येतात. एका वर्गानं असं दार लावून घेतलं, इतरांनी काही प्रमाणात त्याचं अनुकरण केलं आणि काहींना दार बाहेरून बंद झालेलं आढळलं, म्हणून जात कधी एकटी नसते, जाती असतात.

या चार वाक्यांवर पुढचं सगळं उभं राहिलं. दहा मिनिटांची वाटणीही त्यांनीच करून दिली. पहिल्या वाक्याला दीड मिनिट, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार आणि चौथ्याला दोन. उरलेलं अर्धं मिनिट नाव, साल आणि ‘प्रश्नांकडे वळू’ एवढ्यापुरतं. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर पहिल्या दीड मिनिटात मावले, कारण आता त्यांचं काम एकच उरलं होतं. इतरांनी लक्षण म्हणून ज्यावर बोट ठेवलं ते परिणाम होते, हे दाखवायचं. तो भाग तिनं असा बोलायला लिहिला :

“जात कशावरून ओळखायची? सेनार म्हणतात, विटाळावरून. आंबेडकर म्हणतात, विटाळ हा पुरोहिती कर्मकांडाचा भाग आहे, जातीला धर्माचा रंग चढला तेवढ्यापुरता तो तिला चिकटला. नेसफिल्ड म्हणतात, रोटीबंदीवरून. आंबेडकर म्हणतात, दार बंद झाल्यावर पंगत आपोआप आत राहते, म्हणजे तो परिणाम झाला, कारण नव्हे. रिस्ल्यांकडे खास वेगळं काही नाही, असं म्हणून ते पुढे जातात. केतकर दोन लक्षणं सांगतात : बाहेर लग्न नाही आणि सभासदत्व जन्मानंच. आंबेडकर केतकरांना मान देतात, पण ही दोन लक्षणं नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असं दाखवतात. बाहेर लग्नच होत नसेल, तर आत यायला जन्माशिवाय दुसरी वाट उरतच नाही. तेव्हा चाळून उरतं ते एकच, बेटीबंदी.”

दुसरा भाग कोल्हापुरात समजावायला अवघड गेला नाही. निबंधात गोत्र आणि सपिंड यांचा आधार आहे. तिनं त्याशेजारी देवक ठेवलं. मराठ्यांत एकच देवक असलेल्या दोन घरांत सोयरीक होत नाही, हे वर्गातल्या निम्म्या मुलांनी घरी ऐकलेलं असतं. म्हणजे एक नियम सांगतो, फार जवळ नको. दुसरा सांगतो, फार लांब नको. पहिला जुना आहे आणि दुसरा त्याच्यावर चढवला आहे. बहिर्विवाहाची सवय असलेल्या लोकांत दारं आपोआप बंद होत नाहीत, ती कुणीतरी लावून धरावी लागतात. हे ‘धरावी लागतात’ श्रोत्याच्या डोक्यात बसलं की तिसरा भाग तो स्वतःहून मागतो.

तिसऱ्या भागासाठी तिनं फळ्यावर आकडे लिहायचं ठरवलं. स्लाइड केली नाही, ते बरं झालं. निबंधात आकडे नाहीत, ही तिची स्वतःची जुळणी :

“समजा, एका बंद गटात लग्नाच्या वयाचे दहा मुलगे आणि दहा मुली आहेत. हिशेब जुळलेला आहे. आता गटात एक बाई विधवा झाली. ती तरुण आहे. तिनं बाहेर लग्न केलं तर दार उघडलं. आत केलं तर दहातला एक मुलगा तिनं नेला, मागे दहा मुली आणि नऊ मुलगे. एक मुलगी नवरा शोधत दाराबाहेर बघणार. आंबेडकर या विधवेला अतिरिक्त स्त्री म्हणतात. तिच्यापासून दार वाचवायचे दोन मार्ग. तिला नवऱ्याबरोबर जाळायचं, म्हणजे प्रश्नच संपला. किंवा ती जिवंत ठेवायची, पण तिचं लग्न होऊ द्यायचं नाही आणि कुणाला तिचा मोह पडू नये अशा अवस्थेत तिला ठेवायचं. जाळण्यापेक्षा हे सौम्य, पण गटाच्या दृष्टीनं धोका शिल्लक ठेवणारं.

“आता एक पुरुष विधुर झाला. हिशेब तोच, फक्त उलटा. त्यानं दहातली एक मुलगी केली तर मागे दहा मुलगे आणि नऊ मुली. त्याला जाळता येत नाही. का? तो पुरुष आहे म्हणून, आणि त्याला जाळलं तर गटाचा एक दणकट कामकरी जातो. त्याच्यावर ब्रह्मचर्य लादता येईल, पण त्यानं ते खरंच पाळलं तर संसाराच्या आणि गटाच्या वाढीच्या दृष्टीनं तो गेल्यातच जमा. मग त्याला गटातच बायको द्यायची, पण त्या दहा मुलींतली नाही. कुठून आणायची? अजून लग्नाच्या वयात न आलेल्यांतून. इथं बालविवाह येतो.

“सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. आपण यांना तीन वेगवेगळ्या दुष्ट चाली म्हणतो. निबंध म्हणतो, या एकाच हिशेबाच्या तीन वजाबाक्या आहेत. त्यांचे गोडवे गाणारं तत्त्वज्ञान नंतर आलं. चालीला मान का मिळाला, हे ते तत्त्वज्ञान सांगतं. चाल जन्माला का आली, हे ते सांगत नाही.”

शेवटची दोन वाक्यं निबंधातल्या एका सूक्ष्म मुद्द्याची आहेत आणि बहुतेक सारांशांत ती गळतात. पातिव्रत्य, प्रेम, त्याग अशी कारणं देऊन सती समजावणाऱ्यांना आंबेडकर हेच उत्तर देतात. तिनं ते गाळलं नाही, म्हणून मला हा मसुदा आवडला.

चौथा भाग अनुकरणाचा. इथं आंबेडकर फ्रेंच विचारवंत गॅब्रिएल तार्द यांचे दोन नियम घेतात. अनुकरण वरून खाली वाहतं आणि अंतर वाढत जाईल तसं ते पातळ होतं. मग हेच नियम हिंदू समाजाला लावून बघतात. ब्राह्मणांना सर्वांत जवळच्या जातींनी तिन्ही चाली उचलल्या. त्याहून थोड्या लांबच्यांनी वैधव्य आणि बालविवाह. आणखी लांबच्यांनी नुसता बालविवाह. सर्वांत लांबच्यांनी यातलं काहीच नाही, फक्त जात पाळायची असते हा विश्वास. विद्यार्थिनीनं या ठिकाणी थांबायचं ठरवलं, कारण हे विधान तपासून बघता येतं. सिद्धांत किती जोरात बोलतो यापेक्षा तो कुठं खोटा पडू शकतो हे सांगणं, हे सादर करणाऱ्याचं काम.

आता प्रश्न. तिनं आधी आणलेले प्रश्न असे होते : जातिव्यवस्था नष्ट होईल का? आंबेडकरांच्या मताशी तुम्ही सहमत आहात का? आजच्या काळात या निबंधाचं महत्त्व काय? निबंध न वाचताही तिन्हींची उत्तरं देता येतात आणि वर्गात तशी दिलीही जातात, दहा मिनिटं, भरभरून. तिला सांगितलं की, आपल्या चार वाक्यांतला प्रत्येक ‘म्हणून’ दाबून बघ. जिथं तो दबेल तिथं प्रश्न ठेव. अशा प्रश्नाला उत्तर देताना निबंधाचं पान उघडावंच लागतं, आणि ज्याला निबंध पटला आहे आणि ज्याला नाही, अशा दोघांनाही बोलायला काही राहतं.

तिनं तीन प्रश्न केले. तीनच, कारण वीस मिनिटांत तीनाच्या वर प्रश्न होत नाहीत. एकेका प्रश्नाला वाचायला आणि शांत बसायलाच मिनिट जातं.

पहिला तिसऱ्या वाक्यातल्या ‘म्हणून’वर होता. विधुराचं लग्न विधवेशी लावलं तर दोघंही अतिरिक्त एकमेकांत वळते होतात, दहा आणि दहा तसेच राहतात, दारही उघडत नाही. मग सती आणि वैधव्याची गरज काय? निबंधात अतिरिक्त स्त्री आणि अतिरिक्त पुरुष यांचे प्रश्न वेगवेगळे सोडवलेले आहेत. त्यांना एकत्र आणलं तर काय होतं?

दुसरा अनुकरण आणि बंद दार यांच्यामधल्या सांध्यावर होता. १८९९ च्या सुमारास शाहू महाराजांसाठी पंचगंगेवर वेदोक्त मंत्र म्हणायला पुरोहितांनी नकार दिला. त्यानंतर वेदोक्ताचा हक्क मागणं हे वरच्यांचं अनुकरण, की लावलेलं दार ढकलणं? निबंधाच्या चौकटीत हे कुठं बसवाल?

तिसरा निबंधापलीकडच्या काळावर होता. सतीबंदी १८२९ ची, विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ चा. कोल्हापूर संस्थानातही, निबंध छापून आला त्याच १९१७ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. म्हणजे तिन्ही साधनं एकेक करून मोडीत निघाली. तरी वधू-वर मेळाव्यात आजही पहिला रकाना जातीचा असतो. साधनं गेली आणि साध्य टिकलं, तर निबंध चुकला का?

दहा मिनिटांचं बोलणं नऊ मिनिटं चाळीस सेकंदांत झालं. मजकूर १,०५० शब्दांवर आणला होता, उरलेला वेळ फळ्यावर लिहिण्यात आणि दोन ठिकाणी थांबण्यात गेला. सरावाच्या वेळी तिसऱ्या भागात ती अडखळायची, कारण तिथं वाक्यं लिहिल्यासारखी होती. तिनं ती उभी राहून, मोठ्यानं म्हणून बदलली. लेखी वाक्य बोलताना दम लागला की ते वाक्य दोन होतं, एवढा साधा नियम.

चर्चेत पहिल्याच प्रश्नानं बारा मिनिटं खाल्ली. राधानगरीकडचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आमच्याकडं तर पाट लागायचा की. माझ्या पणजीचाच लागलेला.” सादर करणारी मुलगी त्याच्याच वर्गातली, पण तिथं उभी होती म्हणून ‘मॅडम’. वर्ग हसला, पण मुद्दा थेट वर्मावर होता. महाराष्ट्रातल्या मराठा, कुणबी आणि इतर कितीतरी जातींत विधवेचं दुसरं लग्न, म्हणजे पाट किंवा मोहतूर, ही रूढ चाल होती. पहिल्या लग्नाचा मान तिला नसे, पण लग्न होई. आणि तरीही या जाती बेटीबंदीत कुठंही सैल नव्हत्या. मग वैधव्याची सक्ती ही बेटीबंदीची अटच नव्हे, असं म्हणायचं का?

दुसऱ्या एकीनं यात भर घातली आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटली. कितीतरी जातींत कुणा अविवाहित मुलाला विधवेशी पाट लावायचा असेल तर आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावत. झाडाशी लग्न झालं की तो रीतीपुरता प्रथमवर राहत नाही, बिजवर होतो, मग विधवा चालते. ती म्हणाली, “म्हणजे हिशेब त्यांनाही माहीत होता. विधवेनं कोऱ्या मुलाला न्यायचं नाही, एवढाच नियम. आपल्या फळ्यावरचा दहाचा आकडा रुईनं सांभाळलाय.”

इथं निबंध एकाच वेळी खरा आणि तोकडा ठरताना दिसतो. संख्येचा समतोल राखायची धडपड, जी आंबेडकरांनी तर्कानं काढली, ती या चालीत उघड्यावर आहे. पण समतोल राखायचा मार्ग ब्राह्मणी नव्हता, वेगळाच होता, आणि तो अनुकरणातून आलेला दिसत नाही. निबंधाची बाजू घेणारे म्हणाले, लांबच्या जातींनी वैधव्य उचललं नाही, हेच तर निबंध सांगतो. विरोधात असणाऱ्यांनी विचारलं, मग त्यांचं दार कशानं बंद राहिलं? नुसत्या विश्वासानं? विश्वास पुरत असेल तर सती कशाला लागली? याला वर्गात उत्तर मिळालं नाही आणि मी दिलं नाही. मला वाटतं, निबंध बेटीबंदी सुरू कशी होते याचा सिद्धांत म्हणून जास्त भक्कम आहे, ती टिकते कशी याचा सिद्धांत म्हणून कमी. सुरुवातीला एकच गट बंद असेल, तर बाहेरच्या सगळ्या दिशांना लग्नाची ओढ असते आणि तिला अडवायला जालीम उपाय लागतात. आजूबाजूचे सगळेच बंद झाले की ओढीला जागाच उरत नाही, समोरच्याचंही दार लागलेलं असतं. हे उत्तर निबंधाच्याच शेवटच्या भागातून काढता येतं. मुलांनी ते अजून काढलेलं नाही.

दुसऱ्या प्रश्नाला पाच-सहा मिनिटं मिळाली. वेदोक्ताच्या बाजूला कुणीतरी १९२० चं क्षात्र जगद्गुरूपीठ ठेवलं. स्वतःचं पीठ, स्वतःचे पुरोहित. एक गट म्हणाला, हे अनुकरणच, साचा तोच आणि माणसं आपली. दुसरा म्हणाला, ज्याची मक्तेदारी मोडायची त्याचाच साचा वापरल्याशिवाय मोडता येत नाही. निबंध इथं थोडा लंगडा पडतो, कारण त्यात खालचा माणूस एकतर नक्कल करतो किंवा दाराबाहेर राहतो. भांडणाऱ्या माणसाला त्यात फारशी जागा नाही. लिहिणारा स्वतः पुढं काय करणार होता, हे माहीत असल्यामुळं ही उणीव अधिक जाणवते, पण तो पुन्हा चरित्राचा मुद्दा झाला.

तिसऱ्या प्रश्नाला वेळच उरला नाही. तिनं तो लेखी उत्तरासाठी दिला, अर्ध्या पानाचा, आणि त्यात एक अट घातली : ‘मानसिकता’ हा शब्द वापरायचा नाही, दार आज कोण आणि कशानं धरतं ते सांगायचं. आलेल्या उत्तरांत तीन गोष्टी परत परत होत्या. शेतजमिनीची वाटणी, मुलीच्या लग्नावर पडणारी भावकीची नजर, आणि स्थळं जातवार लावून देणारी सूचक मंडळं. एकानं लिहिलं होतं की, कमी मुली असलेल्या गावात आता मुलाकडचे लांबच्या जिल्ह्यातून, जात न विचारता मुलगी आणतात, म्हणजे आकडा बिघडला की दार उघडतं, निबंध म्हणतो तसंच. हे उत्तर तिनं पुढच्या आठवड्यात वर्गात वाचून दाखवलं. त्यावर राधानगरीच्या मुलानं विचारलं की, सून जात न विचारता आली, पण त्याच घरातली लेक तशी देतील का?